ध्रुव ओळखायला शिकणारी पाखरं

ज्वारीच्या कणसात हुरडा भरला की आमच्या सोलापूरकडच्या शिवारात भोरड्या उतरायच्या. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या त्या थव्यांना हाकलायला दिवसभर माळ्यावर उभं राहून गोफण फिरवावी लागे. रात्री जागलीला बसलं की वर चांदण्यांनी भरलेलं आभाळ असे. तिकांडं माथ्यावर आलं, बाजलं वर चढलं, एवढ्यावरून म्हातारी माणसं रात्र किती उरली ते सांगत. भोरड्या कुठून येतात, असं विचारलं तर उत्तर मिळे, ‘उत्तरेकडून.’ ते खरंच होतं. मध्य आशियातल्या गवताळ माळांवर पिल्लं वाढवून त्या आपल्याकडे हिवाळ्याला येतात. पण वाट कशी सापडते, हे तेव्हा आमच्या गावात कोणाला ठाऊक नव्हतं.

जगातही ते नुकतंच कुठे उलगडत होतं, आणि तेही किती साध्या साधनांनी! 1950 च्या आसपास जर्मनीत गुस्ताव क्रामर यांनी भोरडीची युरोपातली भाऊबंद असलेली मैना एका गोल पिंजऱ्यात ठेवली. स्थलांतराचे दिवस आले की पिंजऱ्यातला पक्षीही जायच्या दिशेला तोंड करून फडफडतो. क्रामरनी पिंजऱ्याच्या खिडक्यांना आरसे लावून सूर्याचा उजेड काटकोनात वळवला, तशी मैनेची दिशाही काटकोनात वळली. ती सूर्य पाहून दिशा ठरवत होती.

पण सूर्य तर तासाला 15 अंश सरकतो. मग पाखराला वेळही कळायला हवी. क्रामर यांचे सहकारी क्लाउस हॉफमन यांनी खोलीतल्या दिव्यांच्या वेळा बदलून काही मैनांचं अंगातलं घड्याळ सहा तास पुढे-मागे केलं. समजा, ते सहा तास मागे पडलं. युरोपात भर दुपारी सूर्य दक्षिणेला असतो, पण या पाखराला वाटतं की आत्ता सकाळचे सहा वाजलेत, म्हणजे समोरचा सूर्य पूर्वेला आहे. दक्षिणेला जायचं म्हणून ते सूर्याच्या उजवीकडे वळतं आणि प्रत्यक्षात पश्चिमेला निघतं. सहा तासांचे नव्वद अंश, आणि चूकही तेवढ्याच अंशांची निघाली. चुकीचं माप इतकं नेमकं जुळलं, म्हणून सूर्य आणि घड्याळ या जोडीवर विश्वास बसला.

रात्री उडणाऱ्या पाखरांचं कोडं अमेरिकेत स्टीफन एमलेन यांनी 1960 च्या दशकात सोडवलं. त्यांनी निळ्या रंगाच्या इंडिगो बंटिंग या चिमुकल्या पाखरासाठी एक पिंजरा वापरला. तळाला शाईची गादी, भोवती टीपकागदाची नरसाळ्यासारखी उतरती भिंत आणि वरून उघडं. पाखरू ज्या दिशेला झेपावे, तिथे कागदावर शाईच्या पावलांचे ठसे दाट उमटत. हे पिंजरे त्यांनी तारांगणात नेले आणि घुमटावरचे एकेक तारकासमूह झाकून पाहिले. एकटा ध्रुव झाकला तरी पाखरं चुकली नाहीत. सप्तर्षी, शर्मिष्ठा अशा ध्रुवाभोवतीच्या ताऱ्यांचा सगळा पट्टा त्यांना उपयोगी पडत होता. शिवाय तारांगणातलं आकाश काही तास पुढे-मागे फिरवलं तरी दिशा तीच राहिली. ताऱ्यांसाठी घड्याळ लागत नव्हतं.

यापुढचा त्यांचा प्रयोग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. त्यांनी घरट्यातली पिल्लं आणून हाताने वाढवली. काहींना तारे दाखवलेच नाहीत. काहींना ध्रुवाभोवती फिरणारं नेहमीचं आकाश दाखवलं. उरलेल्यांना दाखवलं ते मृगातल्या काक्षीभोवती फिरणारं बनावट आकाश. शरद ऋतू आला. पहिल्या गटाच्या ठशांना दिशाच नव्हती. दुसरा गट दक्षिणेला झेपावला. तिसरा गट काक्षीला उत्तर समजून तिच्याकडे पाठ करून निघाला. म्हणजे ध्रुव कुठला, हे ज्ञान पाखराच्या रक्तात नसतं. आकाश फिरताना कोणता भाग जागचा हलत नाही, हे पिल्लू पहिल्या प्रवासाआधीच्या रात्रींमध्ये पाहून शिकतं.

आभाळ झाकलं गेलं तर? तेव्हा पृथ्वीचं चुंबकत्व कामी येतं. फ्रँकफर्टच्या वोल्फगांग विल्चको यांनी युरोपीय रॉबिनच्या पिंजऱ्याभोवती तारेची वेटोळी लावून चुंबकीय क्षेत्र वळवलं, आणि पाखरं त्याबरोबर वळली. मात्र त्यांचं होकायंत्र आपल्यासारखं उत्तर-दक्षिण टोकं ओळखत नाही. चुंबकीय रेषा जमिनीकडे कोणत्या बाजूला झुकल्या आहेत, यावरून त्यांना ध्रुवाची बाजू आणि विषुववृत्ताची बाजू एवढंच कळतं. चुंबकीय विषुववृत्तावर या रेषा आडव्या असतात. ते भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं, आणि तिथे या झुकावावरून दोन्ही बाजूंतला फरक सांगता येत नाही.

तेव्हा आणि आता यांत मोठा बदल झाला तो पाखराचा माग काढण्यात. पूर्वी पायात कडं घालून पक्षी सोडत आणि ते कडं कधी, कुणाला सापडेल याची वाट बघत. आमच्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने अशी कितीतरी पाखरं कडी घालून सोडली. 2013 मध्ये नागालँडमध्ये अमूर ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला खूण देणारी छोटी यंत्रं बसवली, आणि भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून आफ्रिकेपर्यंतचा त्यांचा प्रवास नकाशावर दिसला. दोनशे ग्रॅमसुद्धा वजन नसलेलं पाखरू समुद्र कसा पार करतं, हे आज घरी बसून बघता येतं. हे सुख आमच्या लहानपणी नव्हतं.

पण पाखराच्या वाटेवर जे आलं, तेही लहानपणी नव्हतं. जर्मनीतल्या ओल्डेनबर्गच्या संशोधकांनी 2014 मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. विद्यापीठाच्या आवारातल्या लाकडी खोल्यांत रॉबिनना चुंबकीय दिशा सापडतच नव्हती. खोल्यांना ॲल्युमिनियमचे पत्रे लावून ते जमिनीशी जोडले, आणि पाखरं पुन्हा नीट दिशा धरू लागली. पत्र्यांनी अडवला होता तो विद्युत उपकरणांचा आणि मध्यम लहरींच्या रेडिओचा क्षीण गोंगाट. गावाबाहेर, जिथे तो गोंगाट कमी होता, तिथे पत्र्यांची गरज पडली नाही.

आणि आमचं आभाळ? त्या शिवारात आता रस्त्यावरचे, पेट्रोलपंपावरचे, हॉटेलांचे दिवे रात्रभर जळतात. क्षितिजावर पिवळट उजेड असतो, आणि त्यात ध्रुव शोधावा लागतो. भोरड्या दिवसा उडतात, त्यांचं सूर्यावर भागतं. पण शंकर पक्षी, वटवटे अशी आपल्याकडे हिवाळ्याला येणारी कितीतरी पाखरं रात्री उडतात. ढगाळ रात्री असे दिवे त्यांना वाटेवरून ओढून घेतात, आणि दमलेली पाखरं इमारतींवर आदळतात. एमलेन यांनी पिल्लांना तारे दाखवले नाहीत, तेव्हा ती दिशेविना राहिली. उजेडाने तारे पुसले, तर पिल्लं काय पाहून शिकणार?

दिवे लागतात, ते नकोत असं कोण म्हणेल? पण त्यांना झाकण घाला, त्यांचा उजेड जमिनीकडे वळवा, आणि मध्यरात्रीनंतर गरज नसलेले बंद करा. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाखरं येतात, मार्च-एप्रिलमध्ये परततात. निदान त्या चार महिन्यांत तरी आपल्या गावापुरता अंधार राखूया.