अम्मीचे ‘म्हणजे’

ईदच्या आधी आम्ही बहिणींनी अम्मीचा शीरखुर्मा मोबाइलवर रेकॉर्ड केला. आधी पानभर लिहून दिलं, तर ती वाचतच राहिली. डोळे ओळीवरून सरकताना स्पष्ट दिसत होते. मग लेन्सच्या अगदी खाली चारच शब्द चिकटवले: सुकामेवा, शेवया, दूध, साखर. शब्द बघायचा, लेन्सकडे पाहायचं, मगच बोलायचं. बोलणं घरचं झालं, पण ‘म्हणजे’ वाढले. ज्यांच्या दोन्ही बाजूंना श्वासाची जागा होती, ते कापले. पुढच्या शब्दाला चिकटलेले कापले की तो शब्दच तुटायचा. ते राहू दिले. कापलेल्या ठिकाणी चेहरा झटका खायचा, तिथे पातेल्याचं दृश्य टाकलं. ‘दूध खाली लागेल,’ म्हणण्याआधी अम्मी पातेल्यात डोकावते. तो लांब विराम मात्र आम्ही ठेवला.