राजा चांगला असेल तर? एका शाळकरी वादविवादाच्या निमित्तानं

थोडी लांब पोस्ट आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

आमच्या तालुक्यात शाळांची वादविवाद स्पर्धा आहे. विषय असा: 'इतिहासात सर्वसामान्य माणसाचं भलं राजेशाहीनं जास्त केलं की लोकशाहीनं?' माझी पुतणी नववीत आहे. चिठ्ठीत तिला लोकशाहीची बाजू आली. पाच मिनिटं भाषण, मग समोरच्याचे दोन प्रश्न आणि त्यांना उत्तरं.

तिनं पहिला कच्चा खर्डा आणला. त्यात लोकशाहीची व्याख्या, लिंकनचं नाव आणि मग जुलमी राजांची यादी होती. खर्डा व्यवस्थित होता, पण हे भाषण कोल्हापूर जिल्ह्यात व्हायचं आहे. इथं जुलमी राजांची यादी वाचून कोण जिंकणार? समोरचा मुलगा उठेल, 'राजर्षी शाहू' एवढंच म्हणेल आणि सभागृह टाळ्या वाजवेल. त्या टाळ्या रास्तही असतील.

म्हणून तिला म्हटलं, आधी समोरच्याचं भाषण तू लिही, आणि जमेल तेवढं जोरदार लिही.

तिनं लिहिलं ते असं. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी हुकूम काढला आणि संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. त्यासाठी निवडणूक नाही, मतांची बेरीज नाही, आघाडी नाही. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला. आता लोकशाहीकडे बघा. १९५० च्या संविधानात ४५ व्या कलमानं सांगितलं की दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत, सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न करू. तो मुलाचा हक्क आहे असं सांगणारा कायदा संसदेनं केला २००९ साली. दहा वर्षांच्या वायद्याला जवळपास साठ वर्षं लागली. एका राजानं जे एका हुकमात केलं, ते तुमच्या संसदेला का जमलं नाही?

लिहून झाल्यावर ती म्हणाली, "काका, हे तर माझ्यापेक्षा भारी झालं. आता मी काय बोलू?"

खरी तयारी इथून सुरू झाली. हे मुद्दे खोडायचे नाहीत, कारण ते खरे आहेत. ते मान्य करून एकच प्रश्न विचारायचा: महाराजांनी समजा हा हुकूम काढलाच नसता, तर शिकू न शकलेल्या पोराच्या बापानं कुठं जायचं होतं? आणि चांगला राजा गेल्यावर पुढचा तसाच निघेल याची हमी कोणाकडे मागायची? शाहू महाराज ६ मे १९२२ ला गेले. वय पन्नासही नव्हतं. त्यानंतर सतरा वर्षांनी, १९३९ मध्ये, याच कोल्हापुरात माधवराव बागलांनी प्रजा परिषद उभी केली. तिची मुख्य मागणी जबाबदार राज्यपद्धतीची होती, म्हणजे कारभार लोकांना जाब देणारा हवा. ज्या प्रजेनं देशातला सर्वांत चांगला राजा पाहिला होता, तिलाही नुसता चांगला राजा पुरेसा वाटला नाही. ही गोष्ट समोरच्या बाजूला नीट समजावून सांगावी लागते, आणि ती आपल्याच गावची आहे.

दुसरा मुद्दा दुष्काळाचा घेतला. 'सर्वसामान्यांचं भलं' मोजायचं तर सगळ्यात वाईट वर्षी काय झालं ते बघावं. पाऊस बरा असतो तेव्हा कुठल्याही राज्यात दिवस निघतात.

१६३० साली दख्खनेत आणि गुजरातेत पाऊस गेला. शिवराय जन्मले ते हेच वर्ष. तुकोबांच्या घरातली माणसं गेली ती याच दुष्काळात. त्या वेळी शहाजहान दख्खनेच्या मोहिमेसाठी तापीकाठी बुऱ्हाणपूरला तळ देऊन होता. बादशहा निर्दय नव्हता. लंगर उघडले, काही भागांतला सारा माफ केला. दर सोमवारी पाच हजार रुपये वाटायचे असं ठरलं आणि ते वीस आठवडे चाललं, म्हणजे एकूण एक लाख रुपये. हे दरबारी इतिहासातच कौतुकानं नोंदलेलं आहे. पण त्याच काळात मोहीमही चालू होती आणि फौजेला धान्य लागतच होतं. जून १६३१ मध्ये त्याच बुऱ्हाणपुरात मुमताज महल वारली, आणि पुढच्या वर्षी आग्र्याला ताजमहालाचं काम सुरू झालं. सोमवारी किती वाटायचं, मोहीम थांबवायची की नाही, इमारत आज बांधायची की पाच वर्षांनी, हे सगळं एकाच माणसानं ठरवलं. भुकेल्या माणसाला त्यात बोलायला जागा नव्हती. लाख रुपये कमी पडतात, हे त्यानं कोणाला सांगायचं?

आता १९७२. आईचं माहेर माण तालुक्यातलं, त्यामुळे हा दुष्काळ आमच्या घरात नुसता ऐकलेला नाही. मिलोची लाल भाकरी, पोरांना मिळणारी सुकडी आणि आजीच्या हातावरचे खडी फोडल्याचे घट्टे. सरकारनं पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते अशी कामं काढली. मे १९७३ मध्ये राज्यभरात जवळपास ५० लाख माणसं या कामांवर होती. हाल खूप झाले, जनावरं गेली, गावं ओस पडली. पण शेकडो वर्षं दुष्काळात व्हायची तशी माणसांची मरणकळा आली नाही.

आजी सांगायची की मजुरीचा वार चुकला की कामावरच्या बाया उठून मामलेदार कचेरीवर जायच्या. जवळ काम नाही म्हणून मोर्चे, हजेरीत घोळ म्हणून घेराव. आमदार विधानसभेत ओरडत, कारण पुढच्या मतदानाला याच बायांसमोर उभं राहायचं होतं. पेपरवाले रोज छापत.

याहून मोठी गोष्ट पुढं घडली. वि. स. पागे यांची 'मागेल त्याला काम' ही कल्पना तासगाव तालुक्यात आधी करून पाहिली होती. दुष्काळानंतर ती विरून गेली नाही. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारभत्ता. त्याच्या पैशासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. आपल्या पगारपत्रकात दर महिन्याला कापला जातो तो हाच. राजाची मदत राजाच्या मर्जीवर असते. इथं तीच मदत कायद्यातली बाकी झाली, मागून घेता येईल अशी.

समोरचा मुलगा हुशार असेल तर म्हणेल, "१९७२ ला रेल्वे होती, ट्रक होते, परदेशातून गहू आला. १६३० मध्ये बैलांचे तांडे होते. हा फरक लोकशाहीचा की इंजिनाचा?" प्रश्न योग्य आहे, आणि त्याचं उत्तर आहे बंगाल. १९४३ मध्ये बंगालमध्ये रेल्वे होती, तारयंत्र होतं, तरी सुमारे ३० लाख माणसं गेली. धान्य कुठं जावं हे ठरवणाऱ्या सरकारला त्या माणसांची मतं मागायची नव्हती. अमर्त्य सेन हेच मांडतात, की निवडणुका आणि मोकळी वर्तमानपत्रं असलेल्या देशात मोठा भूकबळीचा दुष्काळ टिकत नाही.

एक धोका मात्र तिला सांगितला. बंगालचं उदाहरण 'राजेशाहीचं पाप' म्हणून द्यायचं नाही. इंग्लंडला राजा असला तरी कारभार तिथल्या संसदेचा होता. समोरचा लगेच म्हणेल, "म्हणजे लोकशाही असलेल्या देशानंच बंगाल उपाशी मारला की!" त्यावर सरळ सांगायचं: हो, त्यांची लोकशाही त्यांच्या मतदारांपुरती होती, बंगालच्या शेतकऱ्याला तिथं मत नव्हतं. प्रश्न मुकुटाचा नाहीच, जाब विचारता येतो का याचा आहे.

मग ४५ व्या कलमाचं काय? ती बाजू झाकायची नाही, असं आमचं ठरलं. दुष्काळ दिसतो. त्याचा फोटो निघतो, मोर्चा निघतो, सरकार हलतं. शाळेबाहेर राहिलेली पोरगी दिसत नाही, तिच्यासाठी कोणी घेराव घालत नाही. जे कोणी मोठ्यानं मागत नाही, ते लोकशाही साठ वर्षं लांबवू शकते. ही तिची खरी मर्यादा आहे, आणि शाहू महाराजांचं मोठेपण नेमकं इथं आहे: न मागणाऱ्यांची गरज त्यांनी ओळखली.

तिनं शेवट स्वतः लिहिला, मी एक शब्दही बदलला नाही. "शाहू महाराजांनी आमच्या पणज्यांना शिकवलं म्हणून आज मी इथं उभी आहे. पण त्यांच्यासारखा राजा मिळणं नशिबाचं असतं, आणि गरिबाला नशिबावर सोडता येत नाही. चांगला राजा शंभर सोमवार देईल, पण मंगळवारी मागायचा हक्क देणार नाही. तो मला हवा आहे."

वाचून दाखवल्यावर घरातले एक ज्येष्ठ म्हणाले, "हे सगळं ठीक, पण आता एक खमका माणूसच पाहिजे बघा." हे वाक्य आजकाल प्रत्येक कट्ट्यावर ऐकू येतं. त्यांना एवढंच विचारलं: २०२२ मध्ये मुदती संपल्या आणि आपल्या जिल्हा परिषदा, महापालिका तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकांनी चालवल्या. एकच अधिकारी, सभा नाही, विरोधक नाही, भांडण नाही. त्या काळात गटार तुंबलं, नळाला पाणी आलं नाही, तेव्हा तुम्ही कोणाच्या दारात गेलात?

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "जुन्या मेंबरलाच फोन केला. पण तो म्हणाला, आता माझ्या हातात काही नाही."

पुतणीनं लगेच वही उघडली आणि हे उत्तर दोन प्रश्नांच्या तयारीत लिहून घेतलं.