गुरुवार, १७ जून

२०२५च्या जून महिन्यात गुरुवारी १७ तारीख नव्हतीच. १७ला मंगळवार होता आणि गुरुवारी १९. तरीही मी ३४ जणांना मेल पाठवला : ‘आपली मुलाखत गुरुवार, १७ जून रोजी सकाळी १० वाजता आहे.’

मी पुण्यातल्या एका छोट्या प्रशिक्षण संस्थेत काम करते. मुलाखती आधी मंगळवारी ठरल्या होत्या. मुलाखत घेणाऱ्या सरांना जमेना, म्हणून त्या गुरुवारवर गेल्या. मी जुनाच ड्राफ्ट उघडला, ‘मंगळवार’ खोडून ‘गुरुवार’ केलं, तेवढ्यात फोन वाजला. बोलणं झालं, मी परत स्क्रीनकडे बघितलं, वार बरोबर दिसला आणि सेंड केलं. एवढंच. जीमेलमध्ये ‘अनडू’ असतं खरं, पण ते म्हणजे मेल जास्तीत जास्त ३० सेकंद तुमच्याच दारात थांबवून ठेवणं. त्या ३० सेकंदांत मी चहा घ्यायला उठले होते.

खरं म्हणजे तारखेबरोबर वार लिहितात तो याचसाठी. दोन्ही जुळले नाहीत की कुठेतरी घोळ आहे हे कळावं. पण ते कळायला वाचणाऱ्याने कॅलेंडर उघडायला हवं. ३४पैकी दोघांनी उघडलं. एकाने शनिवारी लिहिलं, ‘मॅडम, १७ला मंगळवार आहे. नक्की कधी यायचं?’ ते मी वाचलं सोमवारी दुपारी, १६ तारखेला. बाकीच्यांनी, मला नंतर कळलं त्याप्रमाणे, आपापल्या सवयीने एकतर वार लक्षात ठेवला होता, नाहीतर आकडा.

मग मी दुरुस्तीचा मेल लिहायला घेतला, आणि खरी चूक तिथे केली.

विषय टाकला, ‘मुलाखतीबाबत महत्त्वाची सूचना’. सुरुवात अशी : ‘दिनांक १७ जून रोजीच्या मुलाखतीसंदर्भात आपणांस पाठविण्यात आलेल्या ई-मेलमध्ये काही तांत्रिक कारणास्तव…’ पुढे दिलगिरी, मग संस्थेची शिस्त, मग सहकार्याची अपेक्षा. १९ तारीख चौथ्या परिच्छेदात. साहेबांना दाखवला, त्यांनी ‘कृपया’ दोन ठिकाणी वाढवलं. संध्याकाळी साडेसहाला मेल गेला. मला तो फार नीटनेटका वाटला होता, हे कबूल करते.

मंगळवारी सकाळी पावणेनऊला ऑफिसच्या पायरीवर एक मुलगी आणि तिचे वडील बसलेले. बार्शीहून रात्रीच्या एसटीने आले होते, पहाटे स्वारगेटला उतरले. तिचं अर्धं तिकीट, काकांचं पूर्ण. काका मार्केट यार्डात हमाल, आजचा खाडा.

‘काल संध्याकाळी मेल केला होता की,’ मी म्हणाले. (आवाजात थोडी तक्रारही होती, ती आता आठवली की कसंतरी होतं.)

‘आला ना मॅडम, म्हणून तर पक्कं झालं,’ ती म्हणाली आणि तिने फोन पुढे केला. सूचना अजून तशीच वर होती. फोनवर मेल आला की काय दिसतं? पाठवणाऱ्याचं नाव, विषय आणि मजकुराची पहिली ओळ, तीही अर्धवट. तिच्या फोनवर दिसत होतं : ‘मुलाखतीबाबत महत्त्वाची सूचना. दिनांक १७ जून रोजीच्या मुलाखतीसंदर्भात आपणांस…’ तिला वाटलं, आठवण करून देतायत. तिने पिशवी भरली.

म्हणजे माझ्या दुरुस्तीच्या मेलने चुकीची तारीख पुसली नव्हती, तिच्यावर शिक्का मारला होता.

काकांना मी सगळं समजावून सांगायला लागले. ड्राफ्ट, सरांचं वेळापत्रक, तांत्रिक कारण. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी खिशातून एसटीचं तिकीट काढलं, उलटं केलं आणि माझ्यापुढे धरलं. ‘ताई, ते राहू द्या. कवा यायचं तेवढं लिहा.’

मी लिहिलं : गुरुवार, १९ जून, सकाळी १०.

त्या दिवशी चार जण चुकून आले. बाकीचे तिघे पुण्यातलेच होते, चिडून का होईना, घरी गेले. काकांना आणि तिला मी खाली नाष्टा करायला नेलं. गुरुवारी ऑनलाइन मुलाखत घेऊ का, असं विचारलं, तर ती म्हणाली, नको, घरात रेंज नसते, येतेच. मग मी वर येऊन, साहेबांना न दाखवता, नवा मेल लिहिला. विषयाच्याच ओळीत : ‘दुरुस्ती : मुलाखत गुरुवार, १९ जून, सकाळी १०’. आणि खाली :

‘मुलाखत गुरुवारी, १९ जूनला, सकाळी १० वाजता आहे. आधीच्या मेलमध्ये मी तारीख चुकीची लिहिली होती. वेळ, जागा आणि कागदपत्रं तीच आहेत. मिळालं की “मिळालं” एवढं उत्तर पाठवा.’

खाली माझं नाव आणि मोबाइल नंबर. १७ हा आकडा त्यात कुठेच नाही. चूक काय होती हे सांगायची माझी गरज होती, वाचणाऱ्याची नव्हती. काय बदललेलं नाही ते मात्र सांगावं लागतं, नाहीतर पत्ता बदलला का म्हणून वीस फोन येतात. ‘तांत्रिक कारण’ काढताना हात जरा अडखळला. पण तंत्राने काही केलंच नव्हतं.

संध्याकाळपर्यंत २७ जणांचं ‘मिळालं’ आलं. उरलेल्या सातजणांना फोन केले. दोघांनी पहिला मेल वाचल्यापासून इनबॉक्स उघडलाच नव्हता. तारीख पाठ झाली होती, मग कशाला उघडतील? त्यांच्यापर्यंत कितीही चांगला लिहिलेला मेल पोचला नसता.

तारीख निदान बदलून सांगता येते. आमच्याच ऑफिसात एका सहकाऱ्याने वेळापत्रकाऐवजी सगळ्या उमेदवारांच्या गुणांची एक्सेल फाइल जोडली होती. आउटलुकचं ‘रिकॉल’ वापरलं, पण ते एकाच संस्थेच्या आतल्या मेलपुरतं चालतं. बाहेरच्या जीमेलवर गेलेली फाइल तिथेच राहते. ड्राइव्हची लिंक दिली असती तर निदान परवानगी काढून घेता आली असती. त्याच्या दुरुस्तीच्या मेलमध्ये योग्य फाइल होती आणि ‘आधीची उघडू नका’ अशी विनंती. ज्यांनी तोवर उघडली नव्हती त्यांनी त्यानंतर उघडली.

गुरुवारी ती आली, एकटीच. काकांना दुसरा खाडा परवडणारा नव्हता. यायचं तिकीट तिने माझ्याकडून घेतलं नाही. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली.

तिची निवड झाली. निकालाचा मेल लिहिताना मी कॅलेंडर शेजारी उघडून ठेवलं होतं : ‘मंगळवार, १ जुलै, सकाळी ९ वाजता रुजू व्हा.’ दहा मिनिटांत तिचं उत्तर आलं.

‘मिळालं. १ जुलैला मंगळवारच आहे, मी बघितलं.’