ओत्सुकारेसामा देशिता

आमचे मोठे मामा जपानी भागीदारीतल्या एका कारखान्यात मॅनेजर होते. परवा डहाणूला त्यांचा सेवापूर्ती समारंभ झाला. उत्तराच्या भाषणात ते म्हणाले, "शेवटच्या दिवशी जपानी सहकाऱ्यांनी उभं राहून मला एक वाक्य म्हटलं. ते तुम्हाला समजावून सांगतो." मी लगेच पेन काढलं. शिक्षकाची सवय, दुसरं काय!

वाक्य होतं, 'नागाइ आइदा, ओत्सुकारेसामा देशिता.' बोलताना शेवटचा शब्द 'देश्ता' असा ऐकू येतो. 'नागाइ आइदा' म्हणजे दीर्घ काळ. 'त्सुकारे' म्हणजे थकवा. त्याच्या आधीचा 'ओ' आदराचा आणि नंतरचा 'सामा'ही आदराचाच. आपण नावापुढे 'साहेब' लावतो तसा. 'देशिता' म्हणजे होतं, भूतकाळ. थोडक्यात, इतकी वर्षं तुम्ही दमलात, त्या दमण्याला मान.

मामा म्हणाले, "यात आभार हा शब्दच नाही. 'मी आभारी आहे' म्हटलं की वाक्यात आधी मी येतो. इथे 'मी' नाहीच, समोरच्याचे कष्ट आहेत."

पण फार भारावून जाऊ नका, असंही त्यांनीच सांगितलं. हे तिथलं रोजचं वाक्य आहे. संध्याकाळी घरी निघणारा म्हणतो, 'ओसाकी नि शित्सुरेइ शिमास', म्हणजे तुमच्याआधी निघतोय, माफ करा. बसलेले उत्तर देतात, 'ओत्सुकारेसामा देशिता'. दिवसभर काही न केलेल्यालाही तेच! दुपारी जिन्यात भेटलं तर 'देशिता'च्या जागी 'देस', कारण काम अजून चालू आहे. अर्थाच्या जवळचा 'गोकुरोसामा' हा शब्दही आहे, पण तो साधारणपणे वरिष्ठाने कनिष्ठाला म्हणायचा. हाताखालच्या माणसाने साहेबाला म्हटला तर खटकतो. मामांच्या वाक्यात रोजच्यापेक्षा जास्तीचे शब्द दोनच होते, 'नागाइ आइदा'. ते सांगताना मामा थांबले आणि पाणी प्यायले. मामी खाली बघत होत्या.

माझी शाळा तलासरी तालुक्यात. बुलेट ट्रेनचा मार्ग इथून जातो, त्यामुळे 'जपान' मुलांच्या कानावर असतो. चौथीच्या वर्गात मी हे वाक्य फळ्यावर देवनागरीत लिहिलं, फोड करून दाखवली आणि काम दिलं. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना एक वाक्य लिहायचं, त्यात 'धन्यवाद', 'आभार' आणि 'मी' हे शब्द नकोत.

निम्म्या मुलांनी 'जेवण छान होतं' लिहिलं. त्यात जेवण आलं, मावशी आल्या नाहीत, म्हणून मी विचारलं, "मावशी कशाने दमतात?" मग वर्गात गलका झाला. मोठं पातेलं, पाण्याचे हंडे, चूल.

एका मुलीने लिहिलं, "मावशी, धुराने तुमचे डोळे झोंबले असतील."

तो कागद मावशींनी डाळीच्या डब्याच्या झाकणाला चिकटवलाय.