अपवाद पाठ होता, तरी उत्तर चुकलं

आम्ही दोघी बहिणी यंदा एकाच टेबलावर नीटची तयारी करतोय. धाकटीचा पहिला प्रयत्न, थोरलीचा दुसरा. अब्बांनी सांगून टाकलंय की तिसऱ्या वर्षाचा खर्च झेपणार नाही. म्हणून गेल्या महिन्यातल्या सराव परीक्षेत दोघींचंही तेच उत्तर चुकलं, तेव्हा रात्रभर चैन पडलं नाही.

इनऑरगॅनिकसाठी आमची एक वही आहे. जुन्या पेपरांत पुन्हा पुन्हा आलेले अपवाद आम्ही त्यात उतरवतो आणि फजरनंतर एकमेकींना विचारतो. आवर्तसारणीत डावीकडून उजवीकडे जाताना आयनायझेशन एनर्जी साधारण वाढत जाते. पण ऑक्सिजन नायट्रोजनच्या पुढे असूनही त्याची कमी: नायट्रोजनची 1402, ऑक्सिजनची 1314 किलोज्यूल प्रति मोल. म्हणून चढता क्रम कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन, फ्लोरीन. हा प्रश्न इतक्या वेळा सोडवला होता की झोपेतही सांगितला असता.

सराव परीक्षेत हीच चार नावं दिसली आणि आम्ही तोच पर्याय भरला. प्रश्नातला ‘दुसरी’ हा शब्द वाचलाच नाही. बरोबर उत्तराचे 4 गुण गेले, वर 1 कापला गेला.

घरी येऊन आम्ही इलेक्ट्रॉन मांडून पाहिले. नायट्रोजनच्या 2p मधल्या तीन कप्प्यांत एकेक इलेक्ट्रॉन असतो. ही मांडणी स्थिर असते. ऑक्सिजनचा चौथा इलेक्ट्रॉन भरलेल्या कप्प्यात जोडीला बसतो, दोघे एकमेकांना ढकलतात, म्हणून एक सहज निघतो. पण तो निघाला की ऑक्सिजनची मांडणी नायट्रोजनसारखी होते. आता दुसरा काढणं फार कठीण! त्यामुळे दुसऱ्या आयनायझेशन एनर्जीचा चढता क्रम कार्बन, नायट्रोजन, फ्लोरीन, ऑक्सिजन. म्हणजे ऑक्सिजन (3388) फ्लोरीनलाही (3374) किंचित मागे टाकतो. जो अपवाद आम्ही पाठ केला होता, त्याच्याच कारणानं क्रम बदलला होता.

त्या दिवसापासून वहीत प्रत्येक अपवादापुढे दोन ओळी जास्त लिहितो: कारण काय, आणि प्रश्नातला कोणता शब्द बदलला तर उत्तर बदलेल. पहिली की दुसरी, चढता की उतरता, एवढ्या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ ओढल्याशिवाय पर्यायांकडे बघायचं नाही.

सगळं कारणानं सुटत नाही. तेराव्या गटाचा उतरता क्रम बोरॉन, थॅलियम, गॅलियम, ॲल्युमिनियम, इंडियम. गॅलियममधले d इलेक्ट्रॉन केंद्राची ओढ नीट अडवत नाहीत, हे कळतं. पण गॅलियम 579 आणि ॲल्युमिनियम 577 इतका बारीक फरक तर्कानं काढता येत नाही. तो क्रम आम्ही सरळ पाठच करतो. त्या पानावर थोरलीनं लिहून ठेवलंय, ‘इथे डोकं चालवू नकोस.’

परवाच्या सराव परीक्षेत बोरॉन आणि कार्बनची दुसरी आयनायझेशन एनर्जी विचारली होती. वहीत हा प्रश्न नव्हता. दोघींनी कच्च्या कागदावर आधी एकेक इलेक्ट्रॉन काढला. बोरॉनचा उरलेला 2s² भरलेला, म्हणून त्याची जास्त. या वेळी दोघींचं उत्तर बरोबर आलं.