वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन: चूक मुलीची की आमची?

वस्तीतल्या विहारात रविवारी आम्ही काही जण दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. एका मुलीनं निबंधात लिहिलं होतं, 'धिस इज द हाउस आय वॉज बॉर्न इन.' आम्ही 'इन'भोवती लाल गोल काढला आणि बाजूला लिहिलं, वाक्य प्रिपोझिशननं संपवू नये. आम्हाला शाळेत हेच शिकवलं होतं. का, हे तेव्हा कुणी विचारलं नाही आणि आम्हीही नाही.

पुढच्या रविवारी त्याच मुलीचं वाक्य आलं, 'धिस इज द स्कूल आय स्टडीड.' शेवटचा 'इन' तिनं आमच्या धाकानं काढून टाकला होता. आधीचं वाक्य बरोबर होतं, हे खरोखर चुकलं. आणि ही चूक आम्ही शिकवली होती!

मग हा नियम आला कुठून? 1672 साली जॉन ड्रायडन या इंग्रज कवीनं, मरून पस्तीस वर्षं झालेल्या बेन जॉन्सनच्या लिखाणात हा 'दोष' काढला. पुढे 1684 मध्ये त्यानं स्वतःच्या 1668 च्या निबंधातली अशी वाक्यंही बदलली. आपलं इंग्रजी नीट आहे का हे पाहायला आपण ते लॅटिनमध्ये घालून पाहतो, असं त्यानंच एके ठिकाणी सांगितलं आहे. लॅटिनमध्ये प्रिपोझिशन आपल्या नामापासून असं तुटून मागे राहत नाही. म्हणजे पट्टी लॅटिनची आणि मोजायचं इंग्रजी. 1762 मध्ये बिशप रॉबर्ट लाउथ यांनी व्याकरण लिहिलं. त्यात त्यांनी बंदी घातलेली नाही. बोलण्यात ही रचना सर्रास चालते, गंभीर लिखाणात मात्र प्रिपोझिशन आधी घेतलेलं जास्त शोभतं, एवढंच त्यांचं म्हणणं. ही पसंती शाळांपर्यंत येईतो हुकूम झाली. 1926 मध्ये फाउलर यांनी तिला अंधश्रद्धेत काढलं, तरी लाल पेन थांबलं नाही.

भाषा बोलणारे प्रत्यक्षात काय बोलतात ते पाहून नियम मांडणारं व्याकरण वर्णनात्मक, आणि काय बोलावं ते सांगणारं आदेशात्मक. वर्णनात्मक म्हणजे काहीही चालेल, असा अर्थ काही शिक्षकमित्र काढतात. तो चुकीचा आहे. 'द स्कूल आय स्टडीड' याचा 'मी शिकले ती शाळा' असा अर्थ इंग्रजी बोलणाऱ्याला लागतच नाही, हेही वर्णनच सांगतं.

आपल्या मुलांकडून 'इन' का गळतो, याचं उत्तर मराठीत आहे. 'मी शिकले ती शाळा' या वाक्यात 'शाळेत'मधला 'त' कुठे गेला? मराठीला तो लागत नाही. 'मी लिहितो ते पेन' यातही 'पेनानं'मधला 'नं' नाही. शिवाय आपलं शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटून येतं: टेबलावर, झाडाखाली. नुसतं 'वर' सोडून टेबल दुसरीकडे न्यायची सोय नाही. त्यामुळे एकटा पडलेला 'इन' आपल्याला आधीच विचित्र दिसतो आणि खोटा नियम लगेच पटतो.

आता आम्ही मुलांना आधी साधं विधान करायला लावतो: 'आय स्टडीड इन धिस स्कूल.' इथं 'इन' लागला का? मग जोडवाक्यातही तो लागणारच. तो शेवटी ठेवा, 'द स्कूल आय स्टडीड इन', नाहीतर पुढे घ्या, 'द स्कूल इन व्हिच आय स्टडीड'. दुसरी रचना अर्जात, औपचारिक लिखाणात शोभते. दोन्हीकडे मात्र ठेवायचा नाही. 'इन व्हिच आय स्टडीड इन' ही चूक आम्हाला वहीत बऱ्याचदा सापडते.

काही ठिकाणी तर पुढे न्यायची सोयच नसते. 'ही वॉज लाफ्ट अॅट', म्हणजे लोक त्याला हसले. इथला 'अॅट' काढून पुढे कुठे ठेवणार? आणि 'व्हॉट आर यू लुकिंग अॅट?' याचं 'अॅट व्हॉट आर यू लुकिंग?' करून आम्ही फळ्यावर लिहिलं तेव्हा पोरं खो खो हसली.

एक व्यवहाराची गोष्ट राहते. पेपर तपासणारा जुन्या वळणाचा निघाला तर? म्हणून परीक्षेत 'इन व्हिच' लिहा असं आम्ही सांगतो, पण कारणासकट: तपासणाऱ्याची आवड म्हणून, तुमची चूक म्हणून नाही. हा फरक मुलांना कळतो. घरात इंग्रजीचं पुस्तक नसलेलं पोर लाल गोल दिसला की आपल्याला येतच नाही असं धरून बसतं, आणि पुढच्या वेळी तो शब्दच टाळतं.

त्या मुलीची पहिली वही आम्ही परत मागून घेतली. गोल खोडला, कापलेला अर्धा गुण दिला. तिनं लगेच विचारलं, 'सर, मग शाळेतल्या बाईंना कोण सांगणार?' बाईंना भेटायला पुढच्या आठवड्यात जायचं ठरलं आहे.