साहेबांची पंधरा मिनिटे

बँकेच्या विभागीय कार्यालयात मी काही वर्षे काम केले. तिथे विभागीय व्यवस्थापकांची भेट मागणारी पत्रे रोज येत. ती प्रथम साहेबांच्या नव्हे, तर त्यांच्या स्वीय सहायकाच्या हाती पडत, ही गोष्ट बहुतेक व्यापारी बंधूंच्या ध्यानात येत नसे.

एका धान्य व्यापाऱ्याचे उदाहरण आठवते. त्यांची कॅश क्रेडिट मर्यादा 80 लाखांची होती. तुरीची आवक सुरू होणार होती आणि शेतकऱ्यांना रोख पैसे द्यायचे होते. 20 लाखांची तात्पुरती वाढ मागणारा प्रस्ताव शाखेने वर पाठवला होता. पण निर्णय होत नव्हता. त्यांनी दोन पानी पत्र लिहिले. त्यात पेढीचा इतिहास होता, बँकेशी असलेले जुने संबंध होते आणि शेवटी, ‘व्यवसायाविषयी चर्चा करावयाची आहे, आपल्या सोयीने कधीही वेळ द्यावा.’ असे होते. ‘चर्चा’ या शब्दावरून कोणती फाइल काढावी हे सहायकाला कळेना. ‘कधीही’ म्हटल्याने वेळ शोधण्याचे काम त्याच्याच माथी आले. पत्र तसेच पडून राहिले.

पुढे त्यांच्या मुलाने शाखा व्यवस्थापकांना विचारून नवे पत्र दिले:

‘तुरीच्या हंगामासाठी 90 दिवसांकरिता 20 लाखांच्या वाढीव मर्यादेच्या प्रलंबित प्रस्तावाबाबत आपली 15 मिनिटे हवी आहेत. मंगळवार, 7 जानेवारी, सकाळी 11 किंवा गुरुवार, 9 जानेवारी, दुपारी 4 यांपैकी कोणतीही वेळ चालेल. प्रत्यक्ष भेट शक्य नसल्यास दूरध्वनीवर बोलता येईल, अथवा आपण सांगाल त्या अधिकाऱ्यांना भेटेन. प्रत: शाखा व्यवस्थापक.’

सहायकाने ‘गुरुवार’ एवढाच शब्द उत्तरादाखल कळवला आणि कर्ज विभागाकडून फाइल मागवली. भेटीआधीच फाइल साहेबांच्या मेजावर आली. साठ्याचे ताजे विवरणपत्र जोडलेले नाही, हे तेव्हाच उघड झाले. प्रस्ताव अडला होता तो त्यामुळे. विवरणपत्र आले आणि गुरुवारी भेटीत निर्णय झाला.

एका ओळीच्या कारणाचा खरा उपयोग हाच. त्यात रक्कम, मुदत आणि प्रस्तावाचा उल्लेख असला, की बँक आपल्याआधी तयारीला लागते. पर्याय दोनच द्यावेत, वार आणि तारीख दोन्ही लिहावे. तिमाहीचा शेवटचा आठवडा टाळावा. त्या दिवसांत साहेबांचे लक्ष ताळेबंदाकडे असते. शाखा व्यवस्थापकांना प्रत अवश्य द्यावी, नाहीतर त्यांना डावलल्याची भावना होते आणि पुढचे काम त्यांच्याकडूनच व्हायचे असते. दोन कामकाजाच्या दिवसांत उत्तर न आल्यास सहायकांना एकदा दूरध्वनी करावा.

अर्थात, अशा पत्राने भेट मिळते, मंजुरी नव्हे. मंजुरी साठा, येणे आणि खात्यातील उलाढाल पाहूनच मिळते. म्हणून 15 मिनिटे मागितली असतील, तर ही कागदपत्रे आधीच पाठवावीत आणि सोळाव्या मिनिटाला आपण होऊन उठावे. पुढच्या वेळी तोच सहायक आपले पत्र वर ठेवतो.